बियाणं बोगस नव्हतं, अण्णा. माशी मेली होती.

मित्रांनो, पोस्ट लांब आहे. काहींना राग येईल, काही जण फोन करून "तू कंपनीकडून किती घेतले" असंही विचारतील. विचारा. पण आधी शेवटपर्यंत वाचा.

गेल्या आठवड्यात आपल्या तालुक्यातल्या चार-पाच ग्रुपवर एक फोटो फिरला. सूर्यफुलाची कापलेली फुलं, अर्धे दाणे पोचट, आणि वर लाल अक्षरांत "बोगस बियाणे! शेतकऱ्याची फसवणूक!" मलाही तो फोटो अकरा जणांनी पाठवला आणि बातमी लावा म्हणून सांगितलं. खोटं कशाला बोलू, तीन वर्षांपूर्वी मी अशीच एक बातमी लावली होती. चार कॉलम, फोटो, "दोषींवर कारवाई करा" अशी मागणी, सगळं. त्या वेळी मी शेतात दहा मिनिटं होतो आणि त्यातली सात मिनिटं फोटोत गेली.

या वेळी बातमी लावायच्या आधी शेतावर गेलो. एकटा नाही गेलो. सोबत एका मधपाळाला नेलं. त्याच्या पेट्या मार्चमध्ये त्याच शिवारात होत्या आणि तो एका रात्रीत त्या उचलून निघून गेला होता. का गेला, ते कोणी विचारलंच नव्हतं.

शेतकऱ्याचं नाव लिहीत नाही. आपण त्यांना अण्णा म्हणू. दोन एकर उन्हाळी सूर्यफूल, जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात पेरलेलं. विहिरीला पाणी बरं, खत वेळेवर, पीक छातीएवढं. लांबून बघितलं तर कोणी म्हणणार नाही की इथं काही बिघडलंय. जवळ जाऊन फुलावर अंगठा दाबला की मग कळतं. काही ठिकाणी दाणा टणक लागतो, काही ठिकाणी साल दबते आणि आत काहीच नसतं.

मधपाळाने एक फूल कापलं, उन्हात उलटसुलट बघितलं आणि म्हणाला, "अण्णा, ह्या फुलात तारीख लिहिलेली असते. वाचायची का?"

ते वाचायचं कसं, ते जरा सविस्तर सांगतो, कारण सगळा वाद इथंच सुटतो.

आपण ज्याला सूर्यफुलाचं एक फूल म्हणतो ते एक फूल नसतंच. कडेच्या पिवळ्या पाकळ्या सोडल्या तर मधल्या तबकात सातशे-आठशे, कधी हजारावर बारीक फुलं असतात, आणि प्रत्येक बारीक फुलाचा एक दाणा होतो. ही फुलं एकदम उमलत नाहीत. कडेपासून सुरू होऊन रोज दोन-तीन ओळी उमलत आत सरकतात. पूर्ण तबक उमलायला साधारण आठवडा लागतो. म्हणजे कडेचा दाणा पहिल्या दिवसाचा आणि मधला दाणा शेवटच्या दिवसाचा. झाडाच्या खोडात जशी वर्षांची वलयं असतात, तशी या तबकात दिवसांची असतात.

अण्णांच्या फुलात काय होतं? कडेला भरलेले दाणे. मग दोन बोटं रुंदीचा पोचट दाण्यांचा पट्टा, गोल, बांगडीसारखा. त्याच्या आत परत भरलेले दाणे, पण विरळ. आणि अगदी मध्यभागी थोडे पोचट. मध्यभागाचे पोचट जवळपास प्रत्येक शेतात असतात, कारण शेवटी उमलणाऱ्या फुलांपर्यंत झाडाची ताकद पोचत नाही. पाणी कमी पडलं किंवा बोरॉनची कमतरता असली तर ते आणखी वाढतात. त्यावर वाद नाही. वाद त्या बांगडीचा आहे.

आम्ही आणखी तीस-चाळीस फुलं बघितली. शेतातली सगळी झाडं एकाच दिवशी फुलत नाहीत, चार-पाच दिवसांचा फरक असतोच. जी झाडं आधी फुलली त्यांच्या तबकात ही बांगडी आत, मध्याजवळ होती. जी उशिरा फुलली त्यांच्यात बाहेर, कडेजवळ होती. विचार करा. बियाणं खराब असतं तर पोचटपणा सगळ्या फुलांत एकाच जागी किंवा वाटेल तसा विखुरलेला दिसला असता. इथं जागा बदलत होती आणि तारीख तीच राहत होती. सगळ्या फुलांतल्या बांगड्या बाहेरून मोजत आणल्या तर मार्चच्या एकाच तीन-चार दिवसांवर येत होत्या.

मी अण्णांना विचारलं, "त्या आठवड्यात काय केलं होतं?" अण्णा आधी काही बोलले नाहीत. मग घरात जाऊन कृषी सेवा केंद्राचं बिल घेऊन आले. अळीचं औषध आणि फुलकिड्यांचं औषध, दोन्ही एकत्र करून, पीक ऐन फुलोऱ्यात असताना, सकाळी आठ वाजता फवारलेलं.

मधपाळ बिलाकडे बघत राहिला. त्या दिवशी दुपारी त्याच्या पेट्यांच्या तोंडाशी मेलेल्या माशांचा थर होता. जीभ बाहेर आलेल्या, काही गोल गोल फिरत मरणाऱ्या. भुकेने किंवा रोगाने मेलेली माशी अशी एका दुपारी ढिगाने पडत नाही. तीस पेट्यांपैकी अकरा पेट्या पार खलास झाल्या, बाकीच्यांत फक्त राणी, पिल्लं आणि घरात काम करणाऱ्या कोवळ्या माशा उरल्या. शेतात जाणाऱ्या माशा त्या सकाळी शेतातच होत्या. माशांसकट पेटी म्हणजे चार-साडेचार हजारांचा माल. त्याने पोलिसात तक्रार दिली नाही, की अण्णांशी भांडला नाही. रात्री टेम्पो बोलावला आणि गेला. अण्णांना कळलंही नाही की आपण काय मारलं.

आता काही जण म्हणतील, माशी नसली म्हणून काय झालं, वारा आहे की. ज्वारी-बाजरीला कोण माशी लागते?

ज्वारीचं परागकण कोरडं आणि हलकं असतं, वाऱ्यावर उडतं. सूर्यफुलाचं जड आणि चिकट असतं. फुलावर बोट फिरवून बघा, हळदीसारखं लागून बसतं. ते वाऱ्याने फारसं जात नाही, कोणाच्या तरी अंगाला चिकटूनच जातं. दुसरी गोष्ट, तबकातलं प्रत्येक बारीक फूल पहिल्या दिवशी नर असतं. त्या दिवशी फक्त पराग बाहेर येतो. दुसऱ्या दिवशी त्यातून मादीचा भाग वर येतो आणि त्याची दोन टोकं उघडतात. एका फुलाचा नर आणि मादी एका वेळी जागे नसतात. त्यातून बरीच झाडं स्वतःच्याच परागाला नकार देतात, त्यांना दुसऱ्या झाडाचा पराग लागतो. म्हणजे कोणीतरी एका झाडाच्या नर ओळीवर लोळून दुसऱ्या झाडाच्या मादी ओळीवर जायला पाहिजे, आणि तेही सकाळी नऊ ते अकराच्या आसपास, जेव्हा पराग ताजा असतो. हे काम मधमाशी करते. बाकी किडे थोडंफार करतात, पण शेकडो एकरांचं काम त्यांच्याच्याने होत नाही.

माशी एक दिवस आली नाही तर फूल लगेच वाया जात नाही, हेही सांगितलं पाहिजे. मादीचा भाग दोन-तीन दिवस वाट बघतो. म्हणून एका दिवसाच्या ढगाळ हवेने किंवा सरीने फार बिघडत नाही. पण फवारणीने माशी मेली आणि जी उरली ती चार दिवस त्या शेताकडे फिरकली नाही, तर त्या चार दिवसांची वाट बघणं फुकट जातं. अण्णांच्या तबकातली बांगडी म्हणजे तेच दिवस. पुढे ओढ्याकाठच्या चिंचेवरच्या आग्या मोहोळाच्या माशा येऊ लागल्या, म्हणून आतले दाणे थोडे तरी भरले. त्या आग्या माशांनी अण्णांचं अर्धं पीक वाचवलं आणि गावाने पुढच्याच आठवड्यात ते मोहोळ जाळलं. त्यावर नंतर बोलतो.

हे शेतात उभं राहून फुलोऱ्यातच कळू शकलं असतं. ज्या बारीक फुलाला पराग मिळाला ते दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सुकतं, आक्रसतं. ज्याला मिळाला नाही त्याची ती दोन टोकं बाहेर काढून ते तसंच ताजं उभं राहतं. तबकावर रुंद, टवटवीत, केसाळ पट्टा दिसतो आणि आपण म्हणतो, काय झकास फुलोरा टिकलाय! फुलोरा टिकणं म्हणजे नवरदेव न आल्याची खूण आहे, मित्रांनो.

आता हिशोब. अण्णांच्या भावाचं शेत दोन किलोमीटरवर आहे. तेच वाण, तीच लॉटची पिशवी, दोघांनी मिळून आणलेली. त्यांनी फुलोऱ्यात फवारलं नव्हतं, कारण त्यांच्याकडे पंपच बिघडला होता. शहाणपण नाही, नशीब. दोन्ही शेतांतून चालत जाऊन दर वीस पावलांवर एक अशी दहा-दहा फुलं आम्ही काढली आणि अण्णांच्या ओसरीवर बसून दाणे मोजले. दोन तास लागले, चहा तीनदा झाला. अण्णांकडे एका फुलात सरासरी ४३० भरलेले दाणे, भावाकडे ६४०. मग हजार भरलेल्या दाण्यांचं वजन सोनाराकडच्या काट्यावर केलं. अण्णांचे हजार दाणे ५२ ग्रॅम, भावाचे ४६ ग्रॅम. म्हणजे दाणे कमी भरले की झाड उरलेल्यांना थोडं जास्त खायला घालतं. हे मी मुद्दाम लिहितोय, नाहीतर कोणीतरी "दाणे अर्धे म्हणजे उत्पन्न अर्धं" असा भडक हिशोब करेल.

एकरी वीस हजार झाडं धरा. अण्णांचं येतं साधारण ४४७ किलो आणि भावाचं ५८९ किलो. फरक १४२ किलो. सूर्यफुलाचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ७७२१ रुपये आहे. एकराला जवळपास अकरा हजार, दोन एकरांचे बावीस हजार. यात औषधाचे आणि फवारणीच्या मजुरीचे पैसे मी धरलेलेच नाहीत. हा विद्यापीठातला प्रयोग नाही, जमिनीचा, पाण्याचा थोडा फरक दोन शेतांत असणारच. पण ती बांगडी जमिनीच्या फरकाने पडत नाही.

तर मग दोषी कोण? अण्णा? मला अण्णांवर राग काढायचा नाही. फुलात अळी दिसली, माणूस घाबरला, दुकानात गेला, दुकानदाराने दोन बाटल्या काढून दिल्या. फुलोऱ्यात आहे का, शेजारी पेट्या आहेत का, हे दुकानदाराने विचारलं नाही. यातल्या बऱ्याच औषधांच्या लेबलवर माशा फुलावर असताना फवारू नका, असं लिहिलेलं असतं. मुंगीएवढ्या अक्षरांत, दहा वेळा घडी केलेल्या कागदावर. दुकानदाराला तो कागद वाचता येतो. त्याचं लायसन त्याचसाठी आहे.

अळी खरी असते, तिला सोडा असं मी म्हणत नाही. पण कळी अवस्थेत शेत फिरून बघितलं तर तेव्हाच बंदोबस्त करता येतो. फुलोऱ्यातच वेळ आली आणि अळी खरोखर नुकसानीएवढी असली, तर संध्याकाळी, माशा घरी गेल्यावर, एकच औषध, आणि आदल्या दिवशी पेटीवाल्याला एक फोन. तो रात्रीत पेट्या लांब नेतो किंवा तोंडाला जाळी लावून एखादा दिवस माशा आत ठेवतो. एका फोनने अकरा पेट्या आणि बावीस हजार रुपये वाचले असते. तो फोन करायला सांगणारं माणूस या साखळीत कुठेच नव्हतं, ना दुकानात, ना चावडीवर, ना सरकारी कचेरीत.

आणि आता सरकारी कचेरीवर येतो.

मधमाशीच्या योजना आपल्याकडे कमी नाहीत. खादी आयोगाचं हनी मिशन २०१७ पासून आहे. केंद्राचं राष्ट्रीय मधमाशीपालन आणि मध अभियान आहे, ५०० कोटींचं. महाबळेश्वरला आपल्या खादी मंडळाचं मध संचालनालय आहे. जवळच्या मांघरला २०२२ मध्ये देशातलं पहिलं मधाचं गाव म्हणून जाहीर केलं, तिथली माणसं पिढ्यान्‌पिढ्या सातेरी सांभाळतात. चांगली कामं आहेत, मी नावं ठेवत नाही. पण आपल्या भागात योजना येते तेव्हा तिचं तोंड एकाच दिशेला असतं. पेट्या किती वाटल्या आणि मध किती किलो निघाला. फोटो पेटीवाटपाचा असतो. किती एकर सूर्यफुलाला, किती डाळिंबाला, किती कांद्याच्या बियाण्याला त्या पेट्या फुलोऱ्यात लागल्या, हा आकडा मी तीनदा विचारला. तिन्ही वेळा मला मधाचा आकडा मिळाला.

मध हे माशीच्या कामाचं वरकड आहे, साहेब. खरं काम शेतात होतं. हिमाचलमध्ये सफरचंदवाले बहराच्या वेळी पेट्या भाड्याने घेतात, पैसे मोजून. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या बदामाच्या बागांना फेब्रुवारीत वीस लाखांवर पेट्या ट्रकने येतात, आणि बागवाला पेटीमागे दोनशे डॉलरच्या आसपास भाडं देतो. तेही आंधळेपणाने नाही. पेटी उघडून माशांनी भरलेल्या चौकटी मोजतात, साधारण आठ भरतात का ते बघतात. कमी भरल्या तर पैसे कापतात. आपल्याकडे उलटं. पेटीवाल्यानेच शेतकऱ्याला मधाची बाटली द्यायची, बांधावर जागा दिल्याबद्दल हात जोडायचे, आणि त्याच्या माशा मेल्या तर रात्री टेम्पो बोलवायचा.

पेटी ठेवणं म्हणजे नुसता डबा ठेवणं नाही, हे मलाही या मधपाळाने शिकवलं. सूर्यफुलाला एकरी दोन पेट्या लागतात, हेक्टरला पाच, आणि त्या भरलेल्या पाहिजेत. तीन-चार चौकटींची अशक्त वसाहत स्वतःची पिल्लं सांभाळण्यातच संपते, तिच्याकडे शेतात पाठवायला माशाच नसतात. अनुदानातल्या बऱ्याच पेट्या अशाच मरतुकड्या निघतात. पेटीत उघडी पिल्लं, म्हणजे झाकण न लागलेल्या अळ्या, भरपूर असल्या पाहिजेत, कारण त्यांना खायला पराग लागतो आणि परागासाठी माशा बाहेर धावतात. आणि वेळ. शेतात शंभरात पाच-दहा फुलं उमलली की पेट्या आणायच्या. आठ दिवस आधी आणल्या तर माशा बाभळीचं, कोथिंबिरीचं फूल धरतात आणि एकदा धरलं की तुमच्या शेताकडे बघत नाहीत. पेट्या सावलीत आणि जवळ पाणी, नाहीतर मार्चच्या उन्हात निम्म्या माशा पोळं गार ठेवायला पाणीच आणत बसतात.

पेट्या मिळाल्याच नाहीत तर हाताने परागीकरण करता येतं. कृषी विद्यापीठं हे कित्येक वर्षं सांगताहेत. तळहाताला मऊ कापड गुंडाळायचं आणि सकाळी आठ ते अकरा या वेळात एकेका तबकावरून हळू फिरवत जायचं, एक दिवसाआड, चार-पाच वेळा. काम सोपं आहे, पण हिशोब करा. एका फुलाला चार सेकंद धरले तर एक बाई तीन तासांत २७०० फुलं करते. एकराला आठ बाया, पाच फेऱ्या, चाळीस अर्धे रोज. दोनशे रुपये धरले तर एकरी आठ हजार. जे काम माशी फुकट करते त्याचा हा बाजारभाव आहे. माशीला कोणी मजूर म्हणून मोजलं नाही, म्हणून तिच्या मरणाचा पंचनामा नाही.

कंपन्यांनाही मी सोडत नाही. नव्या संकरित वाणांत स्वतःच्याच परागावर बऱ्यापैकी दाणे भरणारी वाणं आली आहेत, हे खरं आहे. पण सगळी सारखी नाहीत आणि चांगल्यातल्या चांगल्या वाणालाही माशी मिळाली तर दाणे वाढतात. कोणतं वाण माशीशिवाय किती भरतं, हे कंपनीला चाचणीतच कळलेलं असतं. ते पिशवीवर का नाही छापत? तेलाचं प्रमाण छापता, एकरी उत्पन्नाचे गुलाबी आकडे छापता, हे एक वाक्य छापायला जागा नाही? आणि बोगस बियाणं बाजारात नाहीच असं कोणी माझ्या तोंडी घालू नका. उगवण न होणं, मिसळ निघणं, रोपांत तीन उंचीची झाडं दिसणं, हे प्रकार मी स्वतः बघितलेत. पण ते वेगळे ओळखता येतात. दोन्ही एका पोत्यात भरले की खरा बोगसवाला सुटतो.

आग्या मोहोळाचं राहिलं. ओढ्याकाठची ती चिंच रस्त्याला लागून आहे, खाली एस.टी.चा थांबा आहे. माशा चावल्या तर माणूस दवाखान्यात जातो, जीवही जाऊ शकतो, हे मान्य. पण त्या मोहोळाने कोणाला काही केलेलं नव्हतं. पोरांनी दगड मारला, दोघांना डंख झाले आणि रात्री टेंभे लावले. आग्या पेटीत राहत नाही, तिला पाळता येत नाही. ती जिथं बसते तिथंच ती मिळते. थांबा पंधरा दिवस पन्नास पावलं पुढे सरकवता आला असता, कारण फुलोरा संपला की आग्या स्वतःच उठून जाते. हे कोणाला सुचलं नाही, कारण ठरवणारे कोणीच सूर्यफूलवाले नव्हते.

सूर्यफूल आता आपल्याकडे उरलंय किती, असं काही जण म्हणतील. बरोबर. एकेकाळी लातूर-सोलापूर-उस्मानाबाद पट्टा पिवळा दिसायचा. भाव, आयात तेल, विषाणूचा रोग, पाखरं, अशा बऱ्याच गोष्टींनी ते गेलं. सगळं माशीवर ढकलणार नाही. पण तुमच्याकडे सूर्यफूल नसेल, कलिंगड तर आहे? कलिंगडाला नर फूल वेगळं, मादी फूल वेगळं. मादी फूल एकच सकाळ उघडं असतं, आणि त्यावर माशी एकदा येऊन भागत नाही, सात-आठ वेळा यावी लागते. पराग कमी पडला तर गळ होते, किंवा फळ एका बाजूने फुगतं आणि दुसऱ्या बाजूने चपटं राहतं. व्यापारी ते बाजूला काढतो आणि आपण खताला दोष देतो. रोपं लहान असताना घातलेलं क्रॉप कव्हर मादी फुलं दिसायला लागली की काढायचं असतं. आपल्याकडे "अजून आठ दिवस राहू दे, किडी येत नाहीत" म्हणून ठेवतात. किडी येत नाहीत हे खरं आहे. माशीही येत नाही.

आता मागणी. बियाण्याच्या तक्रारीची पाहणी करायला समिती येते, तिने दहा मिनिटांत चार फुलं पिशवीत टाकून जाऊ नये. अण्णांकडे तेच झालं. दर एकरातली दहा फुलं आडवी कापून पोचट दाणे मध्याला आहेत, विखुरलेले आहेत की बांगडीत आहेत, ते लिहा आणि फवारणीची तारीख विचारा. एवढं लिहायला तासभर लागतो.

शेतकरी भावांनो, तुम्हाला समितीची वाट बघायची गरज नाही. पुढच्या वेळी फुलोरा सुरू व्हायच्या आदल्या दिवशी पाच कळ्यांवर जुन्या मच्छरदाणीच्या पिशव्या बांधा. शेजारच्या पाच तशाच मोकळ्या सोडा, फक्त खुणेला दोरा बांधा. आणखी पाच मोकळ्या सोडून त्यांच्यावर एक दिवसाआड कापडाचा हात फिरवा. काढणीला तिन्ही वेगळे मोजा. पिशवीतल्या फुलांवरून कळतं की तुमचं वाण माशीशिवाय किती भरतं. आणि हात फिरवलेली फुलं मोकळ्या फुलांपेक्षा ठळक जास्त भरली, तर तुमच्या शिवारात माशी कमी पडते आहे. दोन्ही सारखीच भरली आणि तरीही पोचट जास्त असले, तर मग पाणी, बोरॉन, उष्णता आणि हो, बियाणं, तिकडे बघा. मग तक्रार करा, मी स्वतः बातमी लावतो. मोजणीचा कागद जोडून.

अण्णांनी तक्रार मागे घेतलेली नाही. त्यांचं म्हणणं, "दादा, औषध मीच मारलं हे कागदावर लिहून दिलं तर मला भरपाई कोण देणार?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मधपाळ मात्र निघताना म्हणाला, पुढच्या वर्षी पेट्या आणतो, पण अण्णांचा आणि त्यांच्या चारही शेजाऱ्यांचा नंबर आधी द्या. अण्णांनी तिथंच स्वतःचा दिला. दोन शेजाऱ्यांचे मिळालेत, दोघे अजून "बघू" म्हणताहेत.

आणि तीन वर्षांपूर्वीची माझी ती चार कॉलमची बातमी. त्या शेतातली फुलं कोणी मोजली नव्हती, मीसुद्धा नाही. बियाणं खरंच खराब होतं की नाही, ते आता कळणार नाही. तसं पुढच्या अंकात लिहून देतोय, त्याच पानावर.